लोणारचा सूर्य २४ मिनिटं लेट

ऑफिसातल्या कॉन्फरन्स रूममध्ये टाइम झोनचा नकाशा लटकत असेल, तर पुढच्या कंटाळवाण्या मीटिंगमध्ये तो जरा नीट बघा. समुद्रावर रेषा कशा शहाण्यासारख्या सरळ उभ्या आहेत! जमिनीवर आल्या की मात्र वाट्टेल तशा वळतात. माझ्या एका मित्राचं ठाम मत होतं, की नकाशा काढणाऱ्याचा हात हलला असावा. नाही बॉस. तो हात सरकारचा आहे, आणि तो मुद्दामच हललाय.

समजून घ्यायला बुलढाण्याच्या लोणारला जाऊ. उल्का आदळून तयार झालेलं खाऱ्या पाण्याचं ते विवर. हे गाव साधारण ७६.५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची. म्हणजे फरक ६ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून लोणारचा सूर्य आपल्या घड्याळापेक्षा सरासरी २४ मिनिटं मागे. तिथे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य अजून माथ्यावर पोचायचा असतो. खात्री करायची तर उघड्यावर एक काठी सरळ उभी रोवा. तिची सावली सर्वांत आखूड होईल ती खरी दुपार. ही वेळ वर्षभर थोडी सरकते, फेब्रुवारीच्या मध्याला १२.३८ च्या आसपास, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.०८.

गंमत पुढे आहे. विवराचा व्यास जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटर. तरी पूर्वेच्या काठावर सूर्य माथ्यावर आल्यावर पश्चिमेच्या काठावर तो यायला सुमारे ४ सेकंद लागतात! खऱ्या सूर्याप्रमाणे चालायचं ठरवलं, तर एका तळ्याला दोन वेळा द्याव्या लागतील. म्हणून १५-१५ अंशांचे पट्टे करून प्रत्येकात एकच वेळ ठेवायची, ही पुस्तकी युक्ती निघाली.

आता ती युक्ती आपल्याकडे जशीच्या तशी लावून बघा. ७५ अंशांच्या पट्ट्याची हद्द ६७.५ पासून ८२.५ पर्यंत. म्हणजे ज्या रेषेवर आपण देशाची वेळ ठरवलीय, तीच हद्द होईल! लोणार पश्चिमेच्या पट्ट्यात जाईल, ते ठीक. पण ती रेषा छत्तीसगडला मधोमध कापेल. बिलासपूर एका बाजूला, कोरबा दुसऱ्या. कोरब्याहून नऊला निघालेला माणूस बिलासपूरला पोचला की घड्याळ एक तास मागे करणार. एकाच राज्यात कोर्ट, बँका आणि शाळा दोन वेगवेगळ्या वेळी उघडणार. कायदा राज्याचा आणि देशाचा असतो, रेखांशाचा नसतो. त्यामुळे वेळही त्याच हद्दीपर्यंत चालते.

पाकिस्तानकडची बाजू हा त्याचा पुरावा. १९५१ मध्ये कराचीने घड्याळ अर्धा तास मागे घेतलं. तेव्हापासून नकाशावरची ती वेळेची रेषा १९४७ च्या फाळणीच्या रेषेबरोबर वाकडीतिकडी धावते. सूर्याला त्यातलं काहीच माहीत नाही.

आणि सूर्याचं ऐकत बसलं तर काय होतं, हे मुंबईने भोगलंय. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली. रेल्वेने ती घेतली, पण शहरात बॉम्बे टाइम हटायला तयार नव्हता. तो ३९ मिनिटं मागे. गाडी पकडायची कुठल्या घड्याळाने आणि दुकानात जायचं कुठल्या, हा घोळ थेट १९५५ पर्यंत पुरला.

याचा फटकाही कुणाला तरी बसतोच. जूनमध्ये लोणारला सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, गुवाहाटीला साडेचारच्या सुमारास. तिथे ऑफिस उघडेपर्यंत अर्धी सकाळ उलटलेली आणि संध्याकाळी दिवे लवकर लागलेले. आसामच्या चहाच्या मळ्यांत म्हणूनच एक तास पुढचा 'बागान टाइम' चालतो. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी देशासाठी दोन वेळा सुचवल्या. मधली रेषा त्यांनी ८९ अंश ५२ मिनिटांवर, पश्चिम बंगाल-आसाम सीमेजवळ ठेवली. का? कारण तिथे देशाची मान चिंचोळी आहे. रेल्वेला फक्त न्यू कूचबिहार आणि अलीपूरद्वार या दोनच स्टेशनांवर घड्याळं सांभाळावी लागली असती. सूर्य बघून नव्हे, गाड्या मोजून जागा निवडली! प्रस्ताव प्रत्यक्षात आला नाही. देशाला अजून एकच वेळ आहे.

तेव्हा नकाशावर रेषा वळलेली दिसली की शोधायचं एवढंच, की तिथे कुणाची हद्द संपते आणि तिथून किती माणसं रोज ये-जा करतात. लोणारच्या काठीची सावली मात्र याची पर्वा न करता सरासरी बारा चोवीसलाच सर्वांत आखूड होणार.