ठराव मंजूर झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

जुलै-ऑगस्ट आला की इथे लीड्समध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या ई-मेलमध्ये भारतातल्या कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांच्या सूचना येऊन पडतात. कधी स्वतःच्या डीमॅट खात्यातल्या शेअरसाठी, कधी आई-वडिलांबरोबर संयुक्त नावावर असलेल्या शेअरसाठी. बहुतेक जण त्या न उघडताच पुढे जातात. लाभांश किती, एवढं कळलं की काम झालं, असा आपला समज असतो. पण कंपनी कोण चालवतं आणि त्यांच्यावर बाकीच्यांचा भरवसा कितपत आहे, हे कळायला दोनच कागद पुरेसे असतात: सभेची सूचना आणि सभेनंतरचा मतदानाचा निकाल. मात्र ते दोन्ही शेजारी ठेवून वाचावे लागतात. नुसत्या निकालाची टक्केवारी फसवते.

उदाहरण आपल्या शेजारचंच घेऊ. मॉरिसन्स या सुपरमार्केट कंपनीचं मुख्यालय ब्रॅडफर्डला आहे. जून 2021 मधल्या तिच्या सभेत संचालकांच्या वेतनाच्या अहवालाविरुद्ध 70 टक्क्यांहून थोडी अधिक मतं पडली. त्या वर्षी कोविडच्या खर्चामुळे नफा निम्म्यावर आला होता. पण वेतन समितीने बोनस ठरवताना कोविडचा 29 कोटी पौंडांचा खर्च हिशेबातून वगळला आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं वर्षाचं वेतन सुमारे 42 लाख पौंडांवर गेलं. भागधारकांनी त्यावर नापसंती नोंदवली. परिणाम? ठरलेले पैसे दिले गेले. कारण ब्रिटनमध्ये वेतनाच्या वार्षिक अहवालावरचं मत फक्त सल्लावजा असतं. पुढच्या वेतनाचं धोरण वेगळ्या ठरावाने, साधारण तीन वर्षांतून एकदा मंजुरीला येतं आणि तिथलं मत मात्र कंपनीला बांधून ठेवतं.

आता त्याच वर्षीचं भारतातलं उदाहरण. ऑगस्ट 2021 मध्ये रॉयल एनफिल्ड बनवणाऱ्या आयशर मोटर्सच्या सभेत सिद्धार्थ लाल यांची व्यवस्थापकीय संचालक म्हणून फेरनेमणूक आणि त्यांचं वेतन असा एकत्र ठराव होता. बाजूने सुमारे 73 टक्के मतं पडली, तरीही ठराव फेटाळला गेला. कारण तो विशेष ठराव होता आणि विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट, म्हणजे 75 टक्के मतं लागतात. प्रवर्तक असलेल्या कार्यकारी संचालकाचं वेतन ठरावीक मर्यादेपलीकडे जात असेल तर असा ठराव घ्यावा लागतो. आक्षेप माणसावर कमी आणि पगारवाढीवर जास्त होता, पण दोन्ही गोष्टी एकाच ठरावात बांधल्यामुळे नेमणूकही अडकली. काही दिवसांतच कंपनीने वेतनाची कमाल मर्यादा खाली आणली, नेमणूक आणि वेतन असे दोन वेगळे ठराव केले आणि ते भागधारकांपुढे पुन्हा मांडले.

म्हणजे एकीकडे 70 टक्के विरोधाने दिलेले पैसे थांबले नाहीत आणि दुसरीकडे 27 टक्के विरोधाने ठराव पडला. फरक होता तो ठरावाच्या प्रकाराचा, आणि तो प्रकार सूचनेतच छापलेला असतो. म्हणून सूचना उघडली की आधी प्रत्येक ठरावापुढे 'साधारण' लिहिलंय की 'विशेष' ते बघा. साधारण ठरावाला निम्म्याहून जास्त मतं पुरतात. मग एकाच ठरावात दोन गोष्टी गुंफल्या आहेत का ते पाहा. सूचनेच्या शेवटी संचालकाची माहिती असते: वय, इतर कंपन्यांतली संचालकपदं, दुसऱ्या संचालकांशी नातं आणि वर्षभरात किती बैठकांना हजर होते. या शेवटच्या आकड्याकडे अवश्य लक्ष द्या. दहा ठिकाणी संचालक असलेला माणूस इथल्या सहापैकी तीनच बैठकांना आला असेल, तर ते तिथे स्पष्ट दिसतं.

निकाल सभा संपल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत शेअर बाजाराला कळवावा लागतो. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणांमध्ये तो कुणालाही मोफत पाहता येतो, त्यासाठी शेअर असण्याचीही गरज नाही. त्यात प्रत्येक ठरावासाठी तीन ओळी असतात: प्रवर्तक, संस्था आणि इतर सामान्य भागधारक. बेरजेची ओळ तळाला असते आणि आपली नजर नेमकी तिथेच जाते. तिथे फसायला होतं.

समजा, कंपनीचे 100 शेअर आहेत. त्यातले 60 प्रवर्तक कुटुंबाकडे आहेत आणि त्या साठांनी बाजूने मत दिलं. उरलेल्या 40 पैकी 25 शेअरवर मतदान झालं, त्यात 10 बाजूने आणि 15 विरोधात. एकूण 85 पैकी 70 मतं मिळाली, म्हणजे ठराव 82 टक्क्यांनी 'प्रचंड बहुमताने' मंजूर. पण बाहेरच्या मतदारांपैकी 60 टक्के विरोधात होते! बातमीत 82 येतं, 60 येत नाही. प्रवर्तकांची ओळ बोटाने झाकून उरलेल्या दोन ओळी वाचल्या की खरं चित्र दिसतं.

एचडीएफसीच्या 2018 च्या सभेत उलटी गोष्ट घडली. वयाची 75 वर्षं होत आल्यामुळे दीपक पारेख यांना संचालकपदी राहण्यासाठी विशेष ठराव लागला आणि त्याला 77.36 टक्के मतं मिळाली. त्या कंपनीत प्रवर्तक नव्हतेच, त्यामुळे झाकायला ओळ नव्हती. जवळजवळ 23 टक्के विरोध हा सगळा बाहेरच्या गुंतवणूकदारांचा होता आणि ठराव थोडक्यात वाचला होता.

या कागदांच्या मर्यादाही आहेत. कुणी कसं मत दिलं ते निकालात कळत नाही आणि का दिलं तेही नाही. मात्र म्युच्युअल फंडांना आपली मतं कारणांसह जाहीर करावी लागतात. तुमची एसआयपी ज्या फंडात जाते, त्याने तुमच्या पैशाच्या जोरावर काय मत दिलं, हे त्याच्या संकेतस्थळावर सापडतं. सतत 'बाजूने' आणि कारण म्हणून तेच एक ठोकळेबाज वाक्य दिसलं, तर त्या फंडाबद्दलही काही कळतंच.

आणि स्वतः मत द्यायचं असेल तर? भारतातल्या नोंदणीकृत कंपनीत सभेआधीचं ई-व्होटिंग किमान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. उन्हाळ्यात तेव्हा लीड्समध्ये दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. ऑफिसातून आल्यावर बघू म्हणाल तर वेळ गेलेली असते. दुसरी अडचण ओटीपीची. डीमॅट खात्याला गावाकडचा बंद पडलेला मोबाईल नंबर आणि जुना ई-मेल जोडलेला असेल, तर सूचनाही येत नाही आणि मतही देता येत नाही. इथल्या ब्रिटिश शेअरचंही तसंच आहे. ते ऑनलाइन ब्रोकरच्या नॉमिनी खात्यात असतील तर कंपनीच्या वहीत नाव ब्रोकरचं असतं, आणि सूचना व मतदानाची सोय ब्रोकरकडे मागून घ्यावी लागते.

यंदा दिवाळीला घरी जाल तेव्हा आई-वडिलांच्या शेअरची यादी काढा. सप्टेंबरअखेरपर्यंत बहुतेक सभा उरकलेल्या असतील आणि निकाल लागलेले असतील. यादीतली सगळ्यात मोठी रक्कम ज्या कंपनीत आहे, तिची यंदाची सूचना आणि निकाल एकत्र बसून वाचा. वीस मिनिटांचं काम आहे. निवृत्तीचा पैसा ज्यांच्या हाती आहे, त्यांना बाकीच्या मालकांनी किती गुण दिलेत, ते त्या वीस मिनिटांत कळेल.