डब्यावर ३२००, चालते २१३३

दिवाळीपासून उन्हाळी सुट्टीपर्यंत आपल्या जिल्ह्यात गेमिंग संगणकांची जोडणी जोरात असते. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कुठल्याही दुकानात गिऱ्हाईक आता रॅमचा वेग विचारूनच पैसे देते. ३२०० वेगाची रॅम आपण विकतो, बिलावरही तसे लिहितो. पण बायोसमधली एक नोंद बदलली नाही, तर तीच रॅम २१३३ किंवा २४००वर चालत राहते. संगणक सुरू होतो, विंडोज चढते, तक्रार येत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

कारण साधे आहे. प्रत्येक रॅमवर एसपीडी नावाची छोटी चिप असते. तिच्यात सर्वमान्य, सावध वेगाची नोंद असते आणि शिवाय कंपनीने तपासलेल्या जास्त वेगाची वेगळी नोंद, म्हणजे प्रोफाइल, असते. मदरबोर्ड आपणहून पहिलीच नोंद वाचतो. दुसरी वापर, असे त्याला आपल्याला सांगावे लागते. इंटेलच्या बोर्डांवर ही नोंद XMP नावाने दिसते, एएमडीवर असुस तिला D.O.C.P. म्हणते, एमएसआय A-XMP म्हणते, आणि डीडीआर५च्या एएमडी बोर्डांवर EXPO हे नाव दिसते.

आपल्याकडे खपणारा एक संच घेऊ: रायझन ५ ५६००जी, बी५५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, डब्यावर ३२०० सीएल१६. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे गेमचे चित्रही याच रॅममधून जाते. चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत रॅम लावा, म्हणजे ड्युअल चॅनल मिळते. २१३३वर या जोडीतून सेकंदाला सुमारे ३४ जीबी माहिती जाऊ शकते, ३२००वर ५१ जीबी. फरक दीडपटीचा आहे, आणि अंगभूत ग्राफिक्सवर तो गेम खेळताना जाणवतो. प्रोसेसरच्या आतला दुवाही रॅमच्याच तालावर चालतो, म्हणून तोही मागे राहतो.

काम दोन मिनिटांचे आहे. सुरू होताना Del दाबा, प्रोफाइल १ निवडा, व्होल्टेज १.२वरून १.३५ झाल्याचे पाहा आणि F10ने जतन करा. पुढच्या वेळी पडदा उजळायला थोडा उशीर होईल, कारण बोर्ड नव्या वेगाची जुळणी करत असतो. डीडीआर५वर हे काही मिनिटेही चालते. तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका. नंतर टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ३२०० दिसले पाहिजे. सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसेल. तो घड्याळाचा खरा ठोका आहे, एका ठोक्याला माहिती दोनदा जाते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा, नाहीतर निम्मी रॅम दिली म्हणून फोन येईल.

मर्यादा विक्रीआधी पाहाव्यात. एच४१० बोर्डावर दहाव्या पिढीचा आय५ असेल तर वेग २६६६च्या पुढे जात नाही; तिथे महागड्या रॅमचे पैसे घेऊ नयेत. वेगवेगळ्या डब्यांतल्या रॅम एकत्र लावल्या तर प्रोफाइल टिकेलच असे नाही. पडदा काळाच राहिला आणि संगणक पुन्हा पुन्हा चालू-बंद झाला, तर सीमॉस क्लिअर करा आणि त्याच प्रोफाइलवर वेग २९३३ ठेवून पाहा. त्रासदायक असते ती अर्धवट अस्थिरता: झिप फाइल उघडताना बिघडते, मधूनच MEMORY_MANAGEMENTचा निळा पडदा येतो. म्हणून मेमटेस्ट८६च्या चार फेऱ्या कराव्यात आणि एकही चूक चालवून घेऊ नये. उष्णतेत रॅमच्या पेशींतला विद्युतभार लवकर गळतो. घाटावर हिवाळ्यात उत्तीर्ण झालेला संगणक घाटाखाली मे महिन्याच्या दुपारी नापास होऊ शकतो. त्यामुळे चाचणी कॅबिनेट बंद करून घ्या आणि काठावर असेल तर एक पायरी खाली ठेवा.

लावलेली प्रोफाइल निघूनही जाते. बायोस अद्ययावत केला की ती जाते. सीमॉसची बॅटरी संपली असेल, तर भारनियमनात किंवा भिंतीवरचे बटण बंद केल्यावरही जाते. घड्याळ मागे गेलेला संगणक दुरुस्तीला आला, तर सीआर२०३२ बदलून तेवढ्यावर थांबू नका, रॅमचा वेगही पुन्हा लावा.

इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्या प्रोफाइल लावणे हे ओव्हरक्लॉकिंगच मानतात आणि त्याचा हमीवर परिणाम होऊ शकतो, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. जोडणी देताना बिलावर तीन गोष्टी लिहा: डब्यावरचा वेग, टास्क मॅनेजरमध्ये दिसलेला वेग आणि चाचणीचा निकाल. पहिले दोन आकडे जुळत नसतील, तर कारणही त्याच बिलावर असावे.