एडिसनची दिवाळी बीडच्या सूर्यास्तावर ठरवू नये

अंबाजोगाई, परळी, बीड इथल्या अनेक पुरोहितांचे यजमान आता न्यू जर्सीत, लंडनमध्ये, सिडनीत आहेत. सण जवळ आला की त्यांचा फोन येतो, "गुरुजी, लक्ष्मीपूजन कधी करायचं?" हाताशी पंचांग असते, आपण तारीख सांगतो. ती तारीख बीडसाठी बरोबर असते. फोन करणाऱ्याच्या गावी ती बरोबर असेलच असे नाही. २०२४ च्या दिवाळीत हा फरक जितका स्पष्ट दिसला तितका क्वचितच दिसतो, म्हणून तेच उदाहरण इथे शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

त्या वर्षी आश्विन अमावस्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी लागली आणि १ नोव्हेंबरला सायंकाळी ६ वाजून १६ मिनिटांनी संपली. १ तारखेला बीडचा सूर्यास्त सुमारे ५ वाजून ५४ मिनिटांचा, म्हणजे सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटे अमावस्या होती. दोन्ही दिवशी प्रदोषाला अमावस्येचा स्पर्श असल्याने दुसरा दिवस घ्यावा, असा निर्णय महाराष्ट्रातील पंचांगांनी दिला आणि आपण १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन केले. काशीच्या पंडितांनी ३१ तारीख धरली. तो वाद इथे उकरण्याचे कारण नाही, कारण परदेशातल्या यजमानाचा प्रश्न वेगळाच आहे.

तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतराचा बारा अंशांचा टप्पा. तो ज्या क्षणी संपतो, तो क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. घड्याळातला आकडा फक्त बदलतो. त्यामुळे तिथीसाठी नवे गणित लागत नाही, आपल्या पंचांगातल्या वेळेतून तासांचा फरक वजा केला, किंवा सिडनीसारख्या पूर्वेकडच्या गावासाठी मिळवला, की पुरे. न्यू जर्सीतील एडिसन उन्हाळी वेळेत भारताच्या साडेनऊ तास मागे असते आणि ३१ ऑक्टोबरला तिथे उन्हाळी वेळच चालू होती. तेव्हा एडिसनला अमावस्या ३१ तारखेला सकाळी ६ वाजून २२ मिनिटांनी लागली आणि १ तारखेला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी संपली.

आता तिथला सूर्य पाहू. ३१ तारखेला एडिसनचा सूर्यास्त सुमारे ५ वाजून ५६ मिनिटांचा. त्या संध्याकाळी संपूर्ण प्रदोषकाळ अमावस्येत होता. १ तारखेच्या संध्याकाळी मात्र अमावस्या संपून नऊ तास झाले होते. म्हणजे एडिसनला लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरलाच, त्यात मतभेदाला जागाच नाही. ज्यांनी बीडची तारीख उचलून १ नोव्हेंबर सांगितली, त्यांच्या यजमानाने प्रतिपदेला लक्ष्मीपूजन केले. लंडनचे उत्तरही ३१ तारखेचे, कारण तिथे १ तारखेला दुपारी पावणेएकलाच अमावस्या संपली. सिडनीत ती १ तारखेला रात्री पावणेबारापर्यंत होती, म्हणून तिथे १ नोव्हेंबर. एकच अमावस्या आणि गावागणिक निराळा दिवस, पण नियम तोच.

इथे आणखी एक फसगत आहे. एडिसनला ३१ आणि १ या दोन्ही दिवशी सूर्योदय साडेसातच्या आसपास झाला आणि दोन्ही सूर्योदयांना अमावस्या होती. आपल्याकडे तसे नव्हते, ३१ च्या सूर्योदयाला बीडमध्ये चतुर्दशी होती. केवळ उदय तिथी पाहणाऱ्याला एडिसनच्या दोन्ही तारखा चालतील असे वाटले असते. लक्ष्मीपूजनाचा कर्मकाल प्रदोष आहे, सूर्योदय नव्हे. गणेश चतुर्थीला मध्यान्ह, महाशिवरात्रीला निशीथ, श्राद्धाला अपराह्ण आणि संकष्टीला चंद्रोदय हे आपल्याला पाठ असते. परदेशासाठी ते सगळे काळ त्या गावाच्या सूर्य-चंद्रावरून काढायचे, एवढेच ध्यानात ठेवायचे.

त्याच आठवड्यात दुसरा खड्डा होता. ३ नोव्हेंबरच्या पहाटे अमेरिकेत घड्याळे एक तास मागे गेली. द्वितीया भारतात ३ तारखेला रात्री १० वाजून ५ मिनिटांनी संपली. आता साडेनऊ नव्हे, साडेदहा तास वजा करायचे, म्हणजे एडिसनला ती सकाळी ११ वाजून ३५ मिनिटांनी संपली. अपराह्ण तिथे पावणेएकच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा अपराह्णव्यापिनी द्वितीया आदल्या दिवशीची, आणि भाऊबीज २ नोव्हेंबरला. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जाते. ब्रिटन व युरोपात हे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. दिवाळी नेमकी याच दिवसांच्या आसपास येते.

छापील पंचांगातले घटी-पळांचे आकडे परदेशासाठी मुळीच वापरू नयेत. घटी सूर्योदयापासून मोजतात, आणि तो सूर्योदय पंचांगाने ठरवलेल्या गावचा असतो. मुंबई आणि बीड यांच्यातच बारा मिनिटांचे अंतर आहे, तर एडिसनचे काय सांगावे? तास-मिनिटांचा रकाना घ्यावा, तो भारतीय प्रमाणवेळेचा असतो.

सूर्योदयासाठी यजमानाच्या शहराची सारणी इंटरनेटवर मिळते आणि द्रिक पंचांगासारख्या ठिकाणी शहर निवडताही येते. पण विश्वास ठेवण्यापूर्वी पारख करावी. आधी तिथे बीड निवडून तिथीची समाप्ती आपल्या छापील पंचांगाशी ताडून पाहावी. मग यजमानाचे शहर निवडावे. दोन समाप्तींमधला फरक त्या दिवसाच्या घड्याळातील फरकाइतकाच यायला हवा. बीडलाच काही तासांचा फरक दिसला, तर ते गणित सूर्यसिद्धान्ताचे असण्याचा संभव असतो. सूर्योदयात नेमका एक तास चुकत असेल तर उन्हाळी वेळेचा घोळ आहे, आणि तो भलताच दिसला तर मोबाइलवर गाव भारतातलेच राहिले आहे.

दोन-चार मिनिटांचा फरक मात्र चूक नसतो. काही सारण्या सूर्यबिंबाची वरची कड दिसण्याचा क्षण वातावरणातील वक्रीभवन धरून देतात, काही बिंबाचे केंद्र गणिती क्षितिजावर येण्याचा. बीडला हा फरक चार मिनिटांच्या आत राहतो. लंडनला डिसेंबरात तो सात मिनिटांवर जातो. तिथी सूर्योदयाच्या इतकी जवळ संपत असेल तर कोणती व्याख्या धरली ते यजमानाला सांगावे. आमच्या मते डोळ्यांना दिसणारा सूर्योदय धरावा.

राहिला प्रश्न कर्ता कुठे आहे याचा. मुलगा एडिसनला बसून व्हिडिओवर श्राद्ध करत असेल, तर अपराह्ण एडिसनचा. त्याच्या वतीने परळीत संकल्प सोडून विधी होणार असेल, तर अपराह्ण परळीचा. दोन्हींची सरमिसळ करून आपल्या सोयीची वेळ त्याच्यावर लादू नये.

यंदा दिवाळीपूर्वी परदेशातल्या प्रत्येक यजमानाला तारीख कळवताना त्याच्या गावाचे नाव, तिथीच्या आरंभ-समाप्तीची तिथली वेळ आणि तिथला सूर्यास्त, एवढे कागदावर लिहूनच पाठवा.