स्वरयंत्र काढल्यावर पेशंट बोलतो कसा? आणि चहा पिताना ठसका लागला तर काय समजायचं?

स्वरयंत्राचा कॅन्सर खूप पसरला असेल, तर अख्खं स्वरयंत्र काढावं लागतं. या ऑपरेशनला म्हणतात टोटल लॅरिंजेक्टॉमी. यानंतर श्वासनलिकेचं वरचं टोक गळ्याच्या खालच्या भागात त्वचेला शिवतात. तिथे कायमचं छिद्र राहतं, त्याला स्टोमा म्हणतात.

म्हणजे नाक-तोंड आणि फुफ्फुसं यांचा संबंधच तुटतो. श्वास फक्त गळ्यातून. म्हणून अशा पेशंटला इमर्जन्सीत ऑक्सिजन द्यायचा तर मास्क गळ्यावर धरायचा. तोंडावर धरून काहीच उपयोग होत नाही.

मग आवाज कुठून येतो?

तीन पर्याय आहेत. पहिला, इलेक्ट्रोलॅरिंक्स. बॅटरीवर चालणारं हे यंत्र गळ्याला लावलं की कंपन तोंडात पोहोचतं आणि जीभ-ओठ त्याचे शब्द करतात. लवकर जमतं, पण आवाज यांत्रिक येतो. दुसरा, अन्ननलिकेत हवा घेऊन ती ढेकरासारखी सोडत बोलणं. उपकरण लागत नाही, पण शिकायला अनेक महिने जातात आणि सगळ्यांना ते जमत नाही.

तिसरा पर्याय व्हॉइस प्रॉस्थेसिसचा. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत छोटं छिद्र पाडून सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बसवतात. स्टोमा बोटाने झाकून श्वास सोडला की हवा व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत जाते, तिचा वरचा भाग थरथरतो आणि आवाज येतो. व्हॉल्व्ह एकाच दिशेने उघडतो, त्यामुळे अन्न-पाणी श्वासनलिकेत उतरत नाही.

पण व्हॉल्व्ह कायम टिकत नाही

समजा, चार महिने सगळं नीट होतं. आता चहाचा घोट घेतला की ठसका लागतो. अशा वेळी डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्ट पेशंटला रंगीत पाणी प्यायला देतात आणि स्टोमात टॉर्च मारून बघतात. पाणी व्हॉल्व्हच्या मधून येत असेल, तर बहुतेक वेळा त्याच्या झडपेवर बुरशी वाढलेली असते. व्हॉल्व्ह बदलला की प्रश्न मिटतो. पाणी कडेने येत असेल, तर माप चुकलंय किंवा छिद्र सैल झालंय. तिथे नुसता तसाच नवा व्हॉल्व्ह बसवून भागत नाही.

व्हॉल्व्ह निघूनच आला तर थांबू नका. छिद्र काही तासांतच आकसू लागतं. हॉस्पिटलने कॅथेटर दिला असेल, तर शिकवल्याप्रमाणे तो छिद्रात घाला आणि लगेच निघा. पडलेला व्हॉल्व्ह सोबत घ्या. तो सापडत नसेल, तर हे आधी सांगा, कारण तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो.

खर्चाचं काय?

व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा बदलावा लागतो आणि परदेशी व्हॉल्व्हची किंमत हजारांत जाते. त्यामुळे अनेकांचा आवाज पैशांपाशी अडतो. हेच बघून बंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी मित्रासोबत 'ओम' हा व्हॉल्व्ह तयार केला. त्याची किंमत सुमारे ५० रुपये ठेवल्यामुळे त्याची जगभर चर्चा झाली. म्हणून ऑपरेशनआधीच डॉक्टरांना विचारा: व्हॉल्व्ह कोणता बसवणार, आणि पुढचा कितीला पडेल?