विश्लेषण : शिष्यवृत्ती मिळाली, पण दुसऱ्या वर्षी टिकणार का? मंजुरीपत्रातच उत्तर हवे!

अंधेरी, बोरिवलीपासून मुलुंड, घाटकोपरपर्यंत अनेक धर्मादाय न्यास आणि ज्ञातिसंस्था महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतात. मंजुरीपत्र घरी येते, रक्कम वाचली जाते आणि पत्र फाइलमध्ये जाते. पुढच्या वर्षी पैसे आले नाहीत की ते पुन्हा बाहेर निघते. तेव्हा लक्षात येते, की अट पत्रात होती, पण ती पूर्ण झाली की नाही हे पत्र वाचून ठरवता येत नाही. दोष विद्यार्थ्याचा की पत्राचा?

नेहमीचे पत्र काय सांगते?

अशा पत्रांत हमखास आढळणारा मजकूर असा असतो : ‘सदर शिष्यवृत्तीचे नूतनीकरण समाधानकारक शैक्षणिक प्रगतीच्या अधीन राहील. आवश्यक कागदपत्रे विहित मुदतीत सादर करण्यात यावीत. याबाबत संस्थेचा निर्णय अंतिम राहील.’ व्याकरणात चूक नाही, तरी तीन प्रश्न अनुत्तरित राहतात. किती गुण म्हणजे समाधानकारक? विहित मुदत म्हणजे कोणती तारीख? आणि ‘सादर करण्यात यावीत’ म्हणजे कोणी सादर करायची, विद्यार्थ्याने की महाविद्यालयाने? ‘करण्यात यावे’ या रचनेत करणारा गायब होतो. विद्यार्थ्याला वाटते महाविद्यालय पाठवेल, महाविद्यालयाला वाटते विद्यार्थी देईल.

४६ आणि ५६ टक्के, मग पात्र की अपात्र?

समजा, मुलुंडच्या एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीला पहिल्या सत्रात ७०० पैकी ३२२ गुण मिळाले, म्हणजे ४६ टक्के. दुसऱ्या सत्रात तिने ७०० पैकी ३९२ मिळवले, म्हणजे ५६ टक्के. पत्रात ‘किमान ५० टक्के गुण आवश्यक’ एवढेच लिहिले असेल, तर तिचे काय? प्रत्येक सत्रात ५० हवेत असा अर्थ घेतला, तर ती बाद. दोन्ही सत्रे मिळून मोजले, तर १४०० पैकी ७१४, म्हणजे ५१ टक्के आणि ती पात्र. आकडा दिला म्हणून अट स्पष्ट होत नाही. तो कशावरून मोजायचा हेही लिहावे लागते.

त्यात मुंबईच्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न एटीकेटीचा. एखाद्या विषयात केटी लागली, तरी विद्यार्थी पुढच्या वर्गात जातो. पण शिष्यवृत्तीसाठी तो ‘उत्तीर्ण’ धरायचा का, यावर बहुतेक पत्रे गप्प असतात. खरे कारण पुष्कळदा भाषेचे नसतेच. संस्थेने स्वतःच हे ठरवलेले नसते. म्हणून पत्र नव्याने लिहिण्याचे काम टंकलेखकाचे नाही. विश्वस्तांनी आधी बसून केटीचा निर्णय घ्यायला हवा.

सरकारी योजनेत हे कसे लिहिलेले असते?

बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती योजना आहे. तिच्यात पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी दरसाल १२ हजार रुपये मिळतात. नूतनीकरणासाठी वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि किमान ७५ टक्के हजेरी लागते. दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती, अगदी राज्याची शुल्कमाफी किंवा शुल्क प्रतिपूर्ती घेतली तरी ही मिळत नाही, हेही नियमांत नमूद आहे. अटी मोजता येतात, ही जमेची बाजू.

तरीही इथे विद्यार्थी अडखळतात ते मुदतीत. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर विद्यार्थ्याने अर्ज भरण्याची तारीख वेगळी आणि महाविद्यालयाने तो पडताळण्याची तारीख वेगळी. अर्ज भरला की काम झाले, असे विद्यार्थी समजतो. पडताळणी राहिली, तर अर्ज पुढे सरकत नाही. मंजुरीपत्रात म्हणूनच दोन तारखा, दोन जबाबदार माणसांसह, वेगवेगळ्या ओळींत हव्यात.

मुदत निकालाआधीच संपली तर?

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याची पद्धत आणली आणि निकाल रखडले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही पाळली गेली नाही. अशा वर्षी ‘३१ जुलैपर्यंत गुणपत्रिका द्या’ ही अट विद्यार्थी पाळूच शकत नाही. त्यामुळे तारीख निकालाशी बांधावी : ‘१५ सप्टेंबर किंवा निकाल जाहीर झाल्यापासून २१ दिवस, यांपैकी जी तारीख नंतर येईल ती.’ यातला ‘नंतर’ हा शब्द महत्त्वाचा. तिथे ‘आधी’ लिहिले, तर अर्थ नेमका उलटा होतो. शिवाय अर्ज त्या दिवशी कार्यालयात पोहोचायला हवा की टपालात टाकला तरी चालेल, हेही लिहावे.

मग सुधारलेले पत्र कसे दिसेल?

साधारण असे : ‘तुम्हाला पहिल्या वर्षासाठी १५,००० रुपये मंजूर झाले आहेत. दुसऱ्या वर्षाचे पैसे आपोआप मिळणार नाहीत. त्यासाठी तुम्ही स्वतः अर्ज करायचा आहे.

गुण : पहिल्या वर्षाच्या दोन्ही सत्रांचे मिळून किमान ५० टक्के. एका विषयात केटी असली तरी अर्ज करता येईल, दोन किंवा अधिक विषयांत असल्यास नाही.

कागदपत्रे : दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका आणि दुसऱ्या वर्षाची शुल्क पावती.

मुदत : १५ सप्टेंबर किंवा दुसऱ्या सत्राचा निकाल जाहीर झाल्यापासून २१ दिवस, यांपैकी जी तारीख नंतर येईल ती. त्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत अर्ज आमच्या कार्यालयात पोहोचला पाहिजे.

अर्ज उशिरा आला तर त्या वर्षाचे पैसे मिळणार नाहीत, तिसऱ्या वर्षासाठी मात्र पुन्हा अर्ज करता येईल.’

केटी किती चालावी, हा ज्या त्या संस्थेचा प्रश्न. पण प्रत्येक अटीसोबत ती कोणत्या कागदावरून तपासणार, कोणी काय करायचे, कधीपर्यंत आणि चुकल्यास काय होईल, एवढे आलेच पाहिजे.

मोघमपणा विद्यार्थ्याच्या सोयीचा नाही का?

काही संस्थाचालक म्हणतात, नियम सैल ठेवला की आजारपण, घरातला मृत्यू अशा वेळी मदत करता येते. हेतू चांगला आहे. पण सैल नियमाचा फायदा कार्यालयात येऊन बोलू शकणाऱ्यालाच होतो. जो लाजतो, किंवा आपण बाद झालो असे समजून अर्जच करत नाही, त्याला तो कळतही नाही. सवलत द्यायचीच असेल तर तीही पत्रात लिहावी : ‘आजारपणामुळे गुण कमी झाल्यास डॉक्टरांच्या दाखल्यासह याच मुदतीत अर्ज करा.’ ‘निर्णय अंतिम राहील’ या ओळीपेक्षा ही ओळ जास्त उपयोगाची.

पत्र जमले की नाही, हे कसे ओळखावे?

छापण्याआधी ते तीन विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना वाचायला द्यावे. मग तीनच प्रश्न विचारावेत : शेवटची तारीख कोणती? सोबत काय आणाल? ४९ टक्के मिळाले तर काय होईल? एकाचेही उत्तर चुकले, तर समजावून सांगत बसू नये, ते वाक्य बदलावे. पुढच्या वर्षी विद्यार्थी घरी एकटा पत्र वाचत असेल, तेव्हा समजावायला कोणी शेजारी नसणार.