सिगारेटऐवजी ‘हीटेड टोबॅको’ : हृदयाचा धोका खरंच कमी होतो का?

समजा, तुम्ही डोंबिवलीत राहता. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे. दुबईहून आलेल्या भाच्याने त्यांना जाड पेनासारखं एक यंत्र दिलं आणि सांगितलं, “मामा, यात धूर नाही, सिगारेट सुटेल.” तुम्ही काय समजावं?

सिगारेटमध्ये तंबाखू जळते, टोकाला तापमान ६०० अंशांच्या पुढे जातं. व्हेपमध्ये तंबाखूचं पान नसतं. बहुतेक वेळा निकोटिन असलेला द्रव तापवून त्याची वाफ ओढतात. भाच्याच्या यंत्रात मात्र खऱ्या तंबाखूची छोटी कांडी बसवतात आणि ती साधारण ३५० अंशांपर्यंत तापवतात. ती पेटत नाही, म्हणून राख नाही आणि कार्बन मोनॉक्साइड बरंच कमी. निकोटिन मात्र जवळजवळ सिगारेटइतकंच मिळू शकतं, म्हणजे व्यसन तसंच राहतं.

अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये अशा एका यंत्राला ‘घातक रसायनांशी संपर्क कमी होतो’ एवढंच म्हणायची परवानगी दिली. ‘आजाराचा धोका कमी होतो’ हा दावा मात्र मान्य केला नाही. हा फरक वाचताना लहान वाटतो, पण रुग्णासाठी सगळं त्यातच आहे. ही उत्पादनं बाजारात आली २०१४ च्या सुमारास. कर्करोग किंवा सीओपीडी व्हायला त्याहून जास्त वर्षं लागतात. त्यामुळे दीर्घकालीन उत्तर अजून हातात नाही.

प्रत्यक्षात बहुतेकदा घडतं ते असं. वडील घरात यंत्र वापरतात आणि स्टेशनबाहेर, चहासोबत, दोन-तीन सिगारेटी ओढतातच. पंधराच्या तीन झाल्या, म्हणजे धोका पाचपट घटला, असं घरच्यांना वाटतं. हृदय असा हिशेब करत नाही. दिवसाला २० सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जितका जादा धोका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा एका सिगारेटनेही वाढतो. वर यंत्रातलं निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवतंच.

डॉक्टरांना “सिगारेट सोडली” एवढंच सांगू नका. श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडची चाचणी अशा माणसात चांगली येऊ शकते, पण रक्तातलं किंवा लघवीतलं कोटिनिन निकोटिन दाखवून देतं. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञालाही यंत्राचं सांगा.

आणि हो, २०१९ च्या कायद्याने व्हेपबरोबर ही यंत्रंही भारतात आणणं, विकणं, साठवणं बंद आहे. आणण्या-विकण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठाण्यात वा कल्याणात लपूनछपून मिळालेल्या कांडीत नेमकं काय आहे, हे तपासणारं कुणी नाही.

वडिलांना निकोटिन गम चालेल का, कितीचा, हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर तेही सांगा. गमची मात्रा त्यावर ठरते. सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे: १८००-११-२३५६.