आधी कोणाचे देणे?

मोसम खोऱ्यातील नामपूरची बाजारपेठ कांद्याच्या भावावर चालते. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली, भाव कोसळले आणि शेतकऱ्याबरोबर त्याच्यावर विसंबलेल्या व्यावसायिकाचेही उत्पन्न आटले. अशा वेळी सामान्य कुटुंब जो दारात येऊन मोठ्याने बोलतो, त्याचे देणे आधी देते. अब्रूपोटी केलेली ही निवड बहुधा चुकीची ठरते.

उदाहरण म्हणून भाड्याच्या गाळ्यात पंपदुरुस्ती करणारा एक गृहस्थ कल्पावा. घरखर्च वजा जाता त्याच्या हाती बारा हजार उरतात. देणी मात्र साडेएकोणीस हजारांची : गाळ्याचे भाडे चार हजार, तारण टेम्पोचा हप्ता आठ हजार, क्रेडिट कार्डाची किमान रक्कम तीन हजार, सावकाराचे व्याज दीड हजार आणि चुलतभावाची हातउसनवारी फेडण्याचे तीन हजार.

गाळा गेला तर कमाईच संपते, म्हणून भाडे पहिले. टेम्पो स्वतःचा खर्च व हप्ता भागवून काही मिळवून देत असेल, तर दुसरा क्रमांक त्याचा. तो नुसताच उभा राहत असेल, तर बँकेच्या संमतीने स्वतःच विकणे शहाणपणाचे. जप्तीनंतरच्या लिलावात किंमत कमी येते आणि उरलेली रक्कम कर्जदाराच्याच माथी राहते.

कार्डाची किमान रक्कम भरल्याचे समाधान फसवे असते. साठ हजारांच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के व्याज आणि त्यावरील कर धरला, तर तीन हजारांतील सुमारे अडीच हजार तेथेच जिरतात. कार्ड वापरणे थांबवून बँकेकडे ठरावीक हप्ते बांधून मागावेत. पत घसरेल, दावाही होऊ शकेल. पण कार्डाच्या थकबाकीपोटी कोणी थेट गाळ्याला कुलूप लावू शकत नाही.

सावकाराच्या बाबतीत आधी त्याचा परवाना पाहावा. महाराष्ट्रात २०१४च्या कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा ठरली असून तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. व्याजाची थकबाकी एका वेळी मुद्दलाहून अधिक मागता येऊ नये, हा दामदुप्पटीचा नियम तर हिंदू विधिपरंपरेने फार पूर्वीच घालून दिला होता. त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या समाजात दरमहा तीन टक्क्यांची सावकारी निमूटपणे चालावी, हे लाजिरवाणे आहे. मात्र सावकाराला सही केलेला धनादेश दिलेला असेल, तर सावध राहावे. तो न वटता परत आला आणि नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत रक्कम दिली नाही, तर फौजदारी खटला उभा राहू शकतो.

उरला चुलतभाऊ. त्याच्याजवळ ना तारण, ना कागद. म्हणून तो शेवटी. परंतु हप्ता चुकण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन वस्तुस्थिती सांगावी, आणि पुढचा कांदा निघेपर्यंत पाचशे रुपये तरी त्याच्या हाती ठेवता येतात का, ते टेम्पोचा निर्णय झाल्यावर पाहावे.